दांड्याचा जमाखर्च
(एका छोट्या पुस्तिकेची प्रस्तावना)

रियाधची मेट्रो 1 डिसेंबर 2024 ला सुरू झाली. तिला चालक नाही, त्यामुळे पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी उभं राहिलं की समोरचे रूळ थेट दिसतात, आणि ती जागा पकडायला मुलांची चढाओढ असते. एका शुक्रवारी निळ्या मार्गिकेवरून ओलायाकडून बथाकडे जाताना आमच्या ओळखीतली बारावीची एक मुलगी त्या काचेशी उभी होती. तिनं मागे वळून विचारलं, "काका, पुस्तकात आगगाडीच्या आसाचं गणित असतं ना, पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रातून आस जातो, ईएमएफ काढा म्हणून? मग आत्ता आपल्या पायाखालच्या आसात ईएमएफ आहे का? आणि असला तर तो फुकट मिळतोय का?"

पुढचे पाच-सहा शुक्रवार आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या दोन प्रश्नांची चिरफाड झाली. पहिल्याचं उत्तर दोन ओळींचं आहे. दुसऱ्याच्या उत्तराची ही पुस्तिका झाली.

आधी पहिलं उरकून घेऊ. मेट्रोच्या रुळांमधलं अंतर 1.435 मीटर. रियाधमध्ये पृथ्वीच्या क्षेत्राचा उभा घटक सुमारे 27 मायक्रोटेस्ला. गाडी ताशी 72 किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला 20 मीटरनं धावतेय असं धरू. क्षेत्र, लांबी आणि वेग यांचा गुणाकार केला की E = Blv, आणि उत्तर येतं साधारण 0.8 मिलिव्होल्ट. घड्याळाच्या बटण सेलच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास.

मुलगी लगेच म्हणाली, "मग डब्यात मल्टिमीटर घेऊन बसू, आसाच्या दोन टोकांना वायर लावू, दिसेल." दिसणार नाही. मल्टिमीटरच्या वायरीही गाडीबरोबर त्याच वेगानं त्याच क्षेत्रातून जाताहेत, त्यांच्यातही तेवढाच ईएमएफ तयार होतो आणि मीटरपाशी दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. गाडीतले दोन आस आणि त्यांच्यामधले रुळांचे तुकडे मिळून जो चौकोन होतो त्याचीही तीच गत. चौकोनाचं क्षेत्रफळ बदलत नाही, म्हणून त्यात प्रवाह नाही. मंडलाचा एक भाग हलला पाहिजे आणि दुसरा जागच्या जागी राहिला पाहिजे. समजा एक किलोमीटर पुढे दोन रूळ एका जाड वायरीनं जोडलेले आहेत. मग आस हा सरकता दांडा आणि ती वायर ही स्थिर बाजू. किलोमीटरभर लांबीच्या दोन रुळांचा मिळून रोध 0.06 ओहम धरला तर प्रवाह येतो सुमारे 13 मिलिअँपिअर आणि शक्ती साधारण दहा मायक्रोवॅट. एवढ्या अवजड गाडीला हा खर्च कळतही नाही, पण तो होतो. फुकट काही नाही.

फॅरेडेनं जानेवारी 1832 मध्ये असाच प्रयोग नदीवर करून पाहिला होता. लंडनच्या वॉटर्लू पुलावरून त्यानं टेम्सच्या पाण्यात धातूचे पत्रे सोडले आणि गॅल्व्हानोमीटरकडे डोळे लावून बसला. वाहतं पाणी हा सरकता दांडा, पुलावरची तार ही स्थिर बाजू, कल्पना अगदी बरोबर होती. पण हाती भरवशाचं काही लागलं नाही, कारण पत्रे आणि पाणी यांच्यातच छोट्या बॅटऱ्या तयार होतात आणि त्यांच्या गोंधळात इतकासा ईएमएफ हरवून जातो. सरकत्या दांड्याचं गणित सोपं आणि प्रयोग अवघड, ही ख्याती तेव्हापासूनची.

एक शब्दाची कुरकुर. जुन्या मराठी पुस्तकांत ईएमएफला 'विद्युत् चालक प्रेरणा' म्हणतात, पुढे कुठे 'विद्युतचालक बल' झालं. दोन्ही शब्दांत बल आहे आणि ईएमएफ हे बल नाही. एक कूलॉम प्रभार मंडलात फिरवताना जेवढं काम होतं तेवढे व्होल्ट. म्हणजे शब्दाच्या आतच कामाचा, ऊर्जेचा हिशेब आहे आणि नावानं तो लपवलाय. म्हणून या पुस्तिकेत सगळीकडे 'ईएमएफ' असंच लिहिलं आहे. पोरं तसंच म्हणतात.

आता दुसरा प्रश्न. इथली आपली बरीचशी मुलं भारतीय शाळांत सीबीएसईच्या अभ्यासक्रमानं शिकतात. बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात सरकत्या दांड्यानंतर ऊर्जेच्या हिशेबाचा एक छोटा स्वतंत्र विभाग होता. 2022 मध्ये अभ्यासक्रमाचं ओझं कमी करताना तो गळला. ओझं कमी करायला माझी हरकत नाही, पण वजन करून काढायचंच होतं तर हे पान फार हलकं होतं. ते काढल्यावर मुलांच्या हातात E = Blv एवढं सूत्र राहिलं आणि ते बरोबर आहे की नाही हे स्वतः ताडून पाहायची सोय गेली.

ती सोय अशी. दोन समांतर रूळ, मध्ये 5 सेंटिमीटर अंतर. वर आडवा तांब्याचा दांडा. खालून वर जाणारं क्षेत्र 0.2 टेस्ला. दांडा सेकंदाला अर्धा मीटर वेगानं ओढला. ईएमएफ झाला 0.2 × 0.05 × 0.5, म्हणजे 5 मिलिव्होल्ट. मंडलाचा एकूण रोध 0.1 ओहम असेल तर प्रवाह 50 मिलिअँपिअर, आणि रोधात दर सेकंदाला तयार होणारी उष्णता I²R = 0.25 मिलिवॅट. ही झाली खर्चाची बाजू.

जमेच्या बाजूला हाताचं काम. प्रवाह वाहणाऱ्या दांड्यावर क्षेत्र उलट्या दिशेनं बल लावतं, BIl, म्हणजे 0.2 × 0.05 × 0.05, अर्धा मिलिन्यूटन. वेग कायम ठेवायचा तर हातानं तेवढंच बल पुढे लावायला हवं. बल गुणिले वेग केलं की 0.25 मिलिवॅट. दोन्ही बाजू जुळल्या.

इथे चांगला विद्यार्थी हमखास अडतो, आणि अडायलाच हवं. चुंबकी बल प्रभाराच्या वेगाला नेहमी काटकोनात असतं, म्हणून ते काम करत नाही, असं आधीच्याच धड्यात घोकलेलं असतं. मग मंडलाला ऊर्जा दिली कुणी? दांड्यातला एक इलेक्ट्रॉन बघा. तो दांड्याबरोबर रुळांच्या दिशेनं v वेगानं जातोय आणि प्रवाहामुळे दांड्याच्या लांबीतून हळूहळू u वेगानं सरकतोय. v मुळे त्याच्यावर दांड्याच्या लांबीत evB इतकं बल येतं, त्यातूनच ईएमएफ. u मुळे त्याच्यावर मागच्या दिशेनं euB इतकं बल येतं. तीच दांड्याची अडवणूक. पहिल्या बलाची शक्ती evB गुणिले u, दुसऱ्याची उणे euB गुणिले v. बेरीज शून्य. क्षेत्रानं हाताकडून जेवढं घेतलं तेवढंच मंडलाला दिलं, स्वतःजवळ काही ठेवलं नाही. बाजार समितीतला अडत्या समजा, पण अडत न कापणारा. असा अडत्या आमच्या नाशिकच्या मार्केटात कुणी पाहिलेला नाही, म्हणून उदाहरण मुलांच्या लक्षात राहतं.

आता या ताळ्याचा उपयोग कुठे होतो ते पाहू, कारण सरळ आडव्या दांड्यात तो नुसता शोभेचा वाटतो. दांडा तिरपा ठेवा, रुळांशी 30 अंशांचा कोन करून. रुळांमधलं अंतर 5 सेंटिमीटरच आहे, पण दोन रुळांमध्ये पडलेली दांड्याची लांबी आता 10 सेंटिमीटर झाली. वेग रुळांच्या दिशेनं, पूर्वीइतकाच. ईएमएफ किती? टेबलाभोवती बसलेल्या चार मुलांपैकी दोघांनी 10 मिलिव्होल्ट सांगितले, दोघांनी 5.

बरोबर उत्तर 5. दांडा सेकंदाला जे क्षेत्रफळ झाडून काढतो ते रुळांमधल्या अंतरावर ठरतं, दांडा तिरपा असो की सरळ. ज्यांनी 5 सांगितले त्यांच्यापैकी एकानं पुढे बलासाठी मात्र पूर्ण 10 सेंटिमीटर घेतले: BIl म्हणजे 1 मिलिन्यूटन, शक्ती अर्धा मिलिवॅट. रोधात उष्णता पाव मिलिवॅटच. जमा खर्चाच्या दुप्पट. कुठेतरी चूक आहे हे त्याला माझ्या तोंडाकडे न पाहता कळलं, आणि ती त्यानंच शोधली. बल खरोखरच 1 मिलिन्यूटन आहे, पण ते दांड्याला काटकोनात आहे, रुळांच्या दिशेनं नाही. त्याचा रुळांच्या दिशेतला घटक sin 30° नं निम्मा होतो. उरलेला घटक दांड्याला बाजूला ढकलतो. तो रुळांच्या कडेनं पेलला जातो, आणि त्या दिशेनं दांडा हलत नाही म्हणून त्यात काम काही होत नाही. हिशेब पुन्हा पाव मिलिवॅटला पाव मिलिवॅट.

पण या ताळ्यावर आंधळा भरवसा ठेवू नये. दांडा 8 सेंटिमीटरचा आहे आणि दोन्ही बाजूंनी रुळांबाहेर दीड-दीड सेंटिमीटर डोकावतो, असं गणित द्या. घाईतला मुलगा ईएमएफ काढताना 8 घेतो आणि बल काढतानाही 8 घेतो. मग EI आणि Fv दोन्ही सारखेच फुगतात, ताळा बिनबोभाट जुळतो आणि उत्तर साफ चुकीचं असतं. बाहेर डोकावणाऱ्या तुकड्यांतून प्रवाहच जात नाही, हे ताळा सांगत नाही, आकृती सांगते. वहीत जमा आणि खर्च दोन्हीकडे तीच खोटी रक्कम लिहिली तर बेरीज जुळणारच. म्हणून पुस्तिकेतल्या प्रत्येक उदाहरणात आधी प्रवाहाची वाट पेन्सिलनं गिरवायला सांगितली आहे, मग सूत्र.

एवढं कागदावर झाल्यावर मुलांना ते टेबलावर करून पाहायचं होतं. रियाधमध्ये तांब्याचा दांडा शोधावा लागत नाही. गल्लोगल्ली एसीवाले आहेत आणि त्यांच्याकडे पाव इंची नळीचे तुकडे पडलेले असतात. आठ सेंटिमीटरचा तुकडा साधारण 10 ग्रॅम भरला. रूळ म्हणून पितळी पट्ट्या, खाली ओळीनं निओडिमियमचे चुंबक. वरचेच आकडे नजरेसमोर होते.

प्रयोग फसला, आणि का फसला हे या पुस्तिकेतलं मला सर्वांत आवडतं पान आहे. नळीचं वजन 0.1 न्यूटन. पितळेवर तांबं सरकताना घर्षण वजनाच्या तीन दशांश धरलं तरी 30 मिलिन्यूटन. आपण ज्याला शोधतोय ते चुंबकी बल अर्धा मिलिन्यूटन. साठास एक. हातानं केलेल्या कामाचा जवळजवळ सगळा भाग घर्षणात जातो आणि ताळा जुळायचा प्रश्नच येत नाही. उलट बाजूनं पाहिलं तर आणखी मजेशीर. नळीला अर्धा मीटर वेग देऊन सोडली आणि फक्त चुंबकानं थांबवायची म्हटली, तर mvR/(Bl)² या सूत्रानं ती 5 मीटर जाऊन थांबायला हवी. प्रत्यक्षात ती 4 सेंटिमीटरवर थांबली. सरकवण्याऐवजी घरंगळू दिली की घर्षण खूप कमी होतं, पण तरी शोधायचं बल त्यातून वर येत नाही. ते अर्धा मिलिन्यूटन म्हणजे तांदळाच्या दोन-तीन दाण्यांचं वजन.

त्यात दुसरी खोड सांध्यांची. नळी आणि पट्टी जिथे टेकतात तिथला रोध दर क्षणी बदलतो. हे ओळखायची खूण सोपी आहे: नुसतं व्होल्टेज मोजताना आकडा त्या मानानं बरा येतो, कारण मीटर जवळपास प्रवाहच घेत नाही, मंडल बंद करून प्रवाह मोजला की तो नाचायला लागतो. अॅल्युमिनियमचे रूळ घेतले तर वरच्या ऑक्साइडच्या थरामुळे कधी कधी काहीच दिसत नाही आणि मुलं चुंबकाला दोष देतात.

यावर तोड काय? घर्षण कमी करत बसण्यात अर्थ नाही. तोड ही की ओढणं आणि वजन करणं एकाच वेळी करायचं नाही. वरचा ताळा पुन्हा लिहा: EI = Fv. यात E भागिले v ही एक संख्या, F भागिले I ही दुसरी, आणि ऊर्जेचा ताळा एवढंच म्हणतो की या दोन्ही सारख्या असल्या पाहिजेत. दोन्हींचं नाव Bl. पहिली मोजताना तार हलवायची पण प्रवाह जाऊ द्यायचा नाही. दुसरी मोजताना प्रवाह सोडायचा पण तार हलू द्यायची नाही. पहिल्या प्रयोगात बल मोजायचंच नाही, म्हणून घर्षण असलं तरी बिघडत नाही. दुसऱ्यात काही सरकतच नाही. ब्रायन किबल या इंग्रज शास्त्रज्ञानं 1975 मध्ये हीच युक्ती सुचवली. त्याच्या नावाचा तराजू आज जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांत आहे, आणि 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्याऐवजी प्लांकच्या स्थिरांकावर बसवली गेली तेव्हा किलोग्रॅम प्रत्यक्षात उतरवण्याच्या मुख्य वाटांपैकी हा तराजू एक ठरला. म्हणजे ज्या ताळ्याला पाठ्यपुस्तकात जागा उरली नाही, त्याच्यावर वजनमापं तोलली जातात.

आमचा टेबलावरचा किबल तराजू गरिबाचा आहे. दोन चुंबक समोरासमोर ठेवून लोखंडी पट्टीनं जोडून एक घोडा केला आणि तो सोनारी वजनकाट्यावर ठेवला. तारेचे वीस वेढे असलेली चौकोनी चौकट वरून अशी टांगली की तिची एकच आडवी बाजू चुंबकांच्या फटीत राहील. रूळ आता उभे झालेत असं समजायचं. आधी चौकट घट्ट बांधून 0.5 अँपिअर सोडले. काट्यावरचा आकडा 9.6 ग्रॅमनं बदलला, म्हणजे 0.094 न्यूटन. भागाकार 0.188 न्यूटन प्रति अँपिअर.

मग चौकटीचं मंडल उघडं ठेवून ती एकसारख्या वेगानं फटीतून खाली जाऊ दिली. इथे मल्टिमीटर चालत नाही. फट दोन सेंटिमीटर उंच, चौकट ती सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ओलांडते आणि मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. संगणकाला लावायचा स्वस्त यूएसबी ऑसिलोस्कोप घेतला, त्यावर 86 मिलिव्होल्टचा सपाट माथा दिसला. वेग फोनच्या स्लो-मोशन चित्रफितीवरून, मागे भिंतीला चिकटवलेल्या पट्टीच्या खुणा मोजून काढला: सेकंदाला 0.50 मीटर. भागाकार सेकंदाला एक मीटर वेगामागे 0.172 व्होल्ट.

0.188 आणि 0.172. नऊ टक्क्यांचा फरक. मुलं म्हणाली, घरगुती प्रयोगात एवढं चालायचंच. मेट्रोतली ती मुलगी मात्र गप्प होती. ती म्हणाली, "काका, दुसरा आकडाच कमी का? व्होल्टेज कमी मोजलंय किंवा वेग जास्त. ऑसिलोस्कोप तर आपण सेल लावून तपासला होता." मग वेग. फोन चौकटीपासून 55 सेंटिमीटरवर होता, पट्टी चौकटीच्या मागे आणखी 5 सेंटिमीटर. जवळची चौकट लांबच्या पट्टीवर मोजली की तिनं कापलेलं अंतर 60 भागिले 55 पटीनं जास्त दिसतं. तेच नऊ टक्के.

पट्टी पुढे आणून चौकटीच्या शेजारी टांगली. वेग 0.46 आला, माथा तोच. भागाकार 0.187.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर दोन रकाने रिकामे ठेवले आहेत, एकावर F/I आणि एकावर E/v. घोडा बनवताना चुंबक एकमेकांवर आदळतात आणि बोट चिमटतं, तेव्हा मध्ये आधी लाकडाची चीप ठेवा.

रियाध